आधी काय विझलं?

"मामा, परत गेला."

"कसा गेला?"

"कसा म्हणजे? गेला. बंद पडला."

नागपूरहून भाच्याचे असे फोन मार्चपासून येत होते. शर्यतीचा एक गेम लावला की दहा-पंधरा मिनिटं सुरळीत चालायचा आणि मग पडायचा. त्याने दोनदा विंडोज फॉरमॅट मारलं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले, गेम तर पाच वेळा डाऊनलोड केला. कुणीतरी सांगितलं म्हणून रॅमसुद्धा बदलून पाहिली. हिवाळ्यात हाच पीसी, हाच गेम, काही तक्रार नव्हती.

अशा वेळी "गेला" या शब्दाने काहीच कळत नाही. कसा गेला, हे नीट पाहिलं तर निम्मं निदान तिथेच होतं. गेमची खिडकी नाहीशी झाली आणि मागचा डेस्कटॉप धडधाकट दिसला, ही एक तऱ्हा. चित्र थिजलं, आवाज एकाच जागी 'टर्रर्र' करत अडकला आणि माउस हलेना, ही दुसरी. आणि काही न सांगता-सवरता पीसी बंद किंवा रीस्टार्ट झाला, ही तिसरी. भाच्याला म्हटलं, पुढच्या वेळी पडला की लगेच बटण दाबून धरू नकोस. आधी कीबोर्डवरचं Caps Lock दाब. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र आतून जिवंत आहे, फक्त चित्र मेलंय. मग Win, Ctrl, Shift आणि B ही चार बटणं एकदम दाबली की विंडोज ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने उठवतं आणि पुष्कळदा चित्र परत येतं. दिवाच हलला नाही, तर मात्र सगळंच थिजलंय.

पहिल्या तऱ्हेमागे विंडोजची एक जुनी शिस्त आहे. व्हिस्टापासून विंडोज ग्राफिक्स कार्डावर घड्याळ लावून बसलेलं असतं. एखादं काम कार्डाला दिलं आणि दोन सेकंदांत ते उरकलं नाही किंवा मध्ये थांबवता आलं नाही, तर कार्ड अडकलं असं धरून विंडोज त्याला रीसेट करतं. पडदा क्षणभर काळा होतो आणि परत येतो. पण कार्डाच्या मेमरीत गेमने मांडलेला सगळा पसारा त्या रीसेटमध्ये पुसला जातो, म्हणून गेम कोसळतो. डेस्कटॉप वाचतो. Event Viewer उघडून Windows Logs मधल्या System मध्ये पाहिलं, तर तिथे Display या नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते : ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि मग तो सावरला. भाच्याच्या पीसीत अशा नोंदींची रांगच होती. म्हणजे दोष गेमच्या फायलींत किंवा रॅममध्ये शोधण्याआधी कार्डाकडे बघायला हवं होतं. कार्ड अडकतं हे कळलं. का अडकतं हे त्या नोंदीत लिहिलेलं नसतं.

मे महिन्यात मी नागपूरला गेलो. बाहेर ४४ अंश. भाच्याच्या खोलीत खिडकीला कूलर, कूलरच्या झोतात टेबल आणि टेबलाखाली कॅबिनेट. पीसीलाही गार वारा मिळावा म्हणून ती जागा त्याने मुद्दाम निवडली होती. खोलीत ३३-३४ अंश असतील. ग्राफिक्स कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानाच्या डोक्यावर चढतं : खोली दहा अंशांनी तापली की, पंख्यांचा वेग तोच असेल तर, कार्डही साधारण तेवढ्याच अंशांनी वर जातं. डिसेंबरात जे ७० ला थांबत होतं, ते मेमध्ये ८० च्या पुढे जाणारच.

पण अंदाज कशाला, नोंदच करावी. एनव्हीडियाच्या ड्रायव्हरबरोबर nvidia-smi नावाचा एक छोटा प्रोग्रॅम येतोच. Command Prompt उघडून ही ओळ टाकली की दर सेकंदाला वेळ, तापमान, खाल्लेली वीज आणि कार्डाचा वेग एका फाईलमध्ये उतरत जातात :

```
nvidia-smi --query-gpu=timestamp,temperature.gpu,power.draw,clocks.sm --format=csv -l 1 -f log.csv
```

एएमडीचं कार्ड असेल किंवा काळ्या पडद्यावर टाइप करायचा कंटाळा असेल, तर HWiNFO हा मोफत प्रोग्रॅम हेच काम करतो. शिवाय कार्डाच्या चिपवरच्या सगळ्यात गरम ठिकाणाचं, म्हणजे हॉटस्पॉटचं तापमानही बहुतेक कार्डांवर दाखवतो. ते मला हवंच होतं. एक अडचण मात्र आहे. पीसी झटक्यात बंद पडला तर शेवटची काही सेकंदं डिस्कवर पोचतच नाहीत आणि नेमक्या हव्या त्या ओळी गायब होतात. म्हणून आम्ही आकडे पडद्याच्या कोपऱ्यात दिसतील असे लावले आणि समोर पुस्तकांच्या ढिगावर मोबाइल टेकवून त्याचं व्हिडिओ शूटिंग सुरू ठेवलं. मोबाइल काही हँग होत नव्हता.

गेम सुरू झाला तेव्हा कार्ड २०० वॅट खात होतं, वेग १९०० मेगाहर्ट्झच्या आसपास, फ्रेम ९२. सात-आठ मिनिटांत तापमान ८३ झालं आणि तिथून पुढे गंमत सुरू झाली. तापमान ८४ च्या वर जाईना, पण वेग मात्र उतरू लागला : १८००, १७००, १५९०. वीज २०० वरून १६३ वॅटवर आली. फ्रेम ७४. हॉटस्पॉट १०९. तेराव्या मिनिटाला पडदा काळा आणि गेम गुल.

इथे बरेच जण चुकीचा निष्कर्ष काढतात, मीही एकेकाळी काढायचो. '८४ अंश, म्हणून पडला.' तसं नाही. कार्ड गरम झालं की ते मरत नाही, आधी दम खातं. `nvidia-smi -q -d TEMPERATURE` ही आज्ञा दिली की कार्ड स्वतःच्या मर्यादा स्वतःच सांगतं. बऱ्याच जीफोर्स कार्डांवर ८३ अंश हे लक्ष्य असतं, तिथून पुढे कार्ड वेग आणि विजेचा दाब कमी करत जातं. नव्वदीच्या मध्यावर ते जोरात ब्रेक लावतं आणि त्याच्याही वर काही अंशांवर स्वतःला बंद करतं. ८४ म्हणजे कार्ड आपल्या नियमाप्रमाणे वागतंय. नुसत्या उष्णतेने पडायचं असतं, तर आधी फ्रेम घसरताना दिसतात, खेळ जड वाटतो आणि मग पडतो. एकदम ताज्या दमात, ६८ अंशांवर कोसळलेल्या कार्डावर उष्णतेचा आळ घेता येत नाही.

आमच्या नोंदीतला खरा संशयित आकडा होता ८४ आणि १०९ मधलं अंतर. चिपचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट यांत दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचा. पंचवीस झाला, तर चिप आणि तिच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकली किंवा कडेला सरकली असण्याचा संभव मोठा. कार्ड तीन वर्षांचं होतं. मी ते कॅबिनेटमधून काढलं आणि पंख्यांमागे बोट घातलं. फिन्सच्या फटींत धूळ नव्हती, नमदा होता. कूलरचा ओलसर वारा आणि त्यात वाळ्याच्या ताट्यांची कुसं, असा तो तीन उन्हाळे थापला गेलेला राखाडी थर नखाने सोलून काढावा लागला. ज्या गारव्यासाठी कॅबिनेट तिथे ठेवलं, त्याच गारव्याने कार्डाचं नाक बंद केलं होतं.

साफसफाईतली एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. मोकळं सोडलं तर ते वाऱ्याने भन्नाट फिरतं. बेअरिंग तर खराब होतंच, शिवाय फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून कार्डात ढकलू शकते. पेस्ट बदलण्यासाठी मागचे चार स्क्रू उघडले. त्यातल्या एकावर वॉरंटीचं स्टिकर होतं, पण मुदत संपलेली होती. नसती, तर मी हात लावला नसता. नवी पेस्ट घातली आणि कॅबिनेट कूलरच्या झोतातून काढून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला नेलं.

पुन्हा गेम. तापमान ७१, हॉटस्पॉट ८५. वेग १८९० वरून हलेना. वीज १९९ वॅट. भाचा खूश. मी चहा मागवला. सहाव्या मिनिटाला 'टक्' असा आवाज आला, पंखे थांबले, क्षणभराने पुन्हा फिरले आणि मॉनिटरवर विंडोजचं चक्र फिरू लागलं. आता नुसता गेम गेला नव्हता, अख्खा पीसी रीस्टार्ट झाला होता. आणि पूर्वीपेक्षा लवकर.

ताई दारातून म्हणाली, "दुरुस्त करायला आला होतास ना रे?"

या पेचात सगळं रहस्य होतं. कार्ड गरम होत होतं तेव्हा ते आपोआप १६३ वॅटवर उतरत होतं. आम्ही त्याचं नाक मोकळं केलं, आणि ते प्रथमच कितीतरी महिन्यांनी सलग २०० वॅट मागू लागलं. मागणी वाढताच दुसराच कुणीतरी कोलमडला. उष्णतेने विजेचा दोष झाकून ठेवला होता. पीसीच्या दुरुस्तीत असं होतं, हे ज्यांना ठाऊक नसतं ते इथे आपली साफसफाईच चुकली म्हणून पुन्हा कार्ड उघडतात.

रीस्टार्ट होताना पाहायची गोष्ट म्हणजे आधी काय विझलं. मॉनिटरचा दिवा चालू राहून पडद्यावर 'No Signal' आलं, तर वीज पीसीच्या आत तुटली. मॉनिटरही त्याच क्षणी मेला, तर गडबड पीसीच्या बाहेर, म्हणजे यूपीएसमध्ये किंवा घरच्या विजेत. आपल्याकडे घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलं आणि तो बॅटरीवर गेला की गेम चालू असलेला पीसी त्याला झेपत नाही आणि तो एक शिट्टी मारून सगळंच बंद करतो. भाच्याचा मॉनिटर जिवंत राहिला होता. तरी खात्रीसाठी पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून पाहिला. पडला. यूपीएस सुटला.

Event Viewer मध्ये या वेळी ४१०१ नव्हतं. Kernel-Power नावाची ४१ क्रमांकाची नोंद होती आणि तिच्या तपशिलात BugcheckCode समोर शून्य. विंडोजने निळा पडदा दाखवून माघार घेतली असती, तर तिथे एखादा आकडा दिसला असता. शून्य म्हणजे विंडोजला शेवटचा शब्द बोलायलाही वेळ मिळाला नाही. पायाखालची वीजच गेली.

आता संशय एसएमपीएसवर. पण नवा एसएमपीएस आणण्याआधी एक फुकटचा प्रयोग करता येतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात कामाची युक्ती आहे. प्रत्येक कार्डाला विजेची एक मर्यादा ठरवून दिलेली असते, तिला पॉवर लिमिट म्हणतात. ती खाली आणता येते. Command Prompt ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आम्ही लिहिलं :

```
nvidia-smi -pl 140
```

म्हणजे आजपासून १४० वॅटच्या वर मागायचं नाही. किती खाली जाता येतं ते `nvidia-smi -q -d POWER` सांगतं. प्रत्येक कार्डाची किमान मर्यादा वेगळी असते. पीसी रीस्टार्ट झाला की ही मर्यादा पूर्ववत होते, त्यामुळे भीती नाही. MSI Afterburner मध्ये हेच काम Power Limit ची पट्टी ७० टक्क्यांवर सरकवून होतं आणि ते एएमडीच्या कार्डांवरही चालतं. लॅपटॉपवर मात्र ही मुभा बहुतेक वेळा बंद असते.

गेम दोन तास चालला. एकदाही पडला नाही. फ्रेम ९२ च्या जागी ८१. वीज तीस टक्क्यांनी कापूनही वेग बारा टक्केच घटला, कारण कार्ड शेवटच्या थोड्याशा वेगासाठी फार वीज जाळतं : लागणारी वीज वेगाबरोबर वाढते आणि त्याशिवाय व्होल्टेजच्या वर्गाबरोबरही वाढते. मर्यादा १७० केली. अर्ध्या तासाने पडला. २०० केली. पाच मिनिटांत पडला. तापमान तिन्ही वेळा सत्तरीच्या आतबाहेर. वीज वाढवली की पडतो, कमी केली की तगतो, आणि उष्णतेचा संबंध नाही. यापेक्षा स्वच्छ साक्ष मिळत नाही.

हा प्रयोग उलटाही बोलतो. मर्यादा १४० वर आणूनही गेम पडतच राहिला, तर वीज आणि उष्णता या दोघांनाही बाजूला ठेवून दुसरीकडे बघावं. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं प्रकरण गाजलं. गेम उघडताना 'व्हिडिओ मेमरी अपुरी आहे' असा संदेश येऊन तो बंद पडायचा. लोकांनी कार्डं बदलली. दोषी होता प्रोसेसर : जास्त व्होल्टेजने तो आतून झिजत होता आणि चुकीची उत्तरं देत होता. ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने मदरबोर्डच्या बायॉसमधून त्यावर सुधारणा दिल्या. झिजून गेलेले प्रोसेसर मात्र बदलूनच घ्यावे लागले. तिथे कार्डाची पॉवर लिमिट कितीही खाली खेचून काही साधलं नसतं.

भाच्याचा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर 'फ्री' आलेला होता. वर मोठ्या अक्षरांत 550W. कार्डाच्या खोक्यावर '५५० वॅटचा एसएमपीएस हवा' असं छापलेलं, म्हणून दुकानदाराने आणि त्याने दोघांनीही जमलं असं मानलं. मी कॅबिनेटची बाजू उघडून टॉर्च मारला आणि बारीक अक्षरातला तक्ता वाचला. +12V च्या खाली लिहिलं होतं 28A. हाच आकडा महत्त्वाचा, कारण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघेही जवळजवळ सगळी वीज याच बारा व्होल्टच्या वाटेने घेतात. बारा गुणिले अठ्ठावीस, ३३६ वॅट. वरचे ५५० कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक. कार्डाचे २००, गेम खेळताना प्रोसेसरचे शंभरेक, पंखे, डिस्क, मदरबोर्डचे चाळीस. झाले ३४०. जे यंत्र सरासरीलाच काठोकाठ भरलंय, ते उसळी कुठे झेलणार?

आणि उसळी असतेच. पडद्यावर दिसणारे २०० वॅट ही सरासरी आहे. एखादा स्फोट दाखवायची वेळ आली की कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर उडी मारतं आणि परत खाली येतं. nvidia-smi ला, HWiNFO ला ती उडी दिसत नाही. एसएमपीएसला ती पुरेपूर जाणवते. या उड्या इतक्या डोईजड झाल्या की २०२२ मध्ये आलेल्या ATX 3.0 या मानकात चांगल्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद झेलावा, अशी अटच घातली गेली. गेमच्या साध्या मेनूवर पीसी पडतो, यात लोकांना नवल वाटतं, त्याचंही कारण बरेचदा हेच. मेनूत काढायला काही नसतं, म्हणून कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम भिरकावत बसतं. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमवर मॉनिटरच्या वेगाइतकी, म्हणजे ६० किंवा १४४ ची मर्यादा घातली, तर तेवढ्याने कित्येक पीसी शांत होतात.

एक शेवटची खातरजमा उरली होती. सॉफ्टवेअर दाखवतं ते व्होल्टेज मदरबोर्डच्या स्वस्त सेन्सरवरून येतं, त्याच्यावर माझा भरवसा नाही. मी मल्टीमीटरची सुई कार्डाच्या आठ पिनांच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने, पिवळ्या वायरीलगत सरकवली, दुसरी काळ्यालगत. डेस्कटॉपवर १२.०८ व्होल्ट. गेम सुरू केला, ११.५२. मर्यादा २०० वॅट केली, ११.३१, आणि भाचा आकडा वाचतोय तोवर 'टक्'. बारा व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खालची हद्द ११.४०. एसएमपीएस ती ओलांडून गेला होता. (हे मोजमाप कनेक्टरवर बाहेरून करायचं. एसएमपीएसचं झाकण मात्र कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेले राहू शकतात.)

सुरुवातीचे ४१०१ वालेही मग उलगडले. १६३ वॅटला एसएमपीएस पूर्ण कोसळत नव्हता, नुसता लचकत होता. तापलेल्या चिपला आधीच सावरायला जागा कमी, त्यात व्होल्टेजचा गचका. कार्ड अडकायचं, विंडोजची दोन सेकंदं संपायची, गेम पडायचा.

भाच्याने ६५० वॅटचा एसएमपीएस घेतला. घेताना त्याने वरचा मोठा आकडा न बघता बारा व्होल्टचा रकाना शोधला : 54A, म्हणजे ६४८ वॅट. बसवल्यावर त्याच कनेक्टरवर, त्याच २०० वॅटला मीटरने ११.९६ दाखवलं. गेम रात्री साडेबारापर्यंत चालला, मग ताईने मेन स्विचकडे हात नेल्यावर थांबला. पॉवर लिमिट त्याने १६० वर ठेवली आहे, उन्हाळा संपेपर्यंत. खोली कमी तापते, असं म्हणतो.

जुना एसएमपीएस मी फेकू दिला नाही. ताईच्या बचत गटाचा हिशेब ज्या पीसीवर होतो, त्यात ग्राफिक्स कार्ड नाही आणि तो सगळा मिळून ७०-८० वॅटच्या वर जात नाही. त्याचा एसएमपीएस पावसाळ्यात जळला तेव्हा हाच तिथे बसवला. अजून चालू आहे.